लातूरला वऱ्हाड न्यायचंय: अंतर सव्वाशे, मग पैसे तीनशे किलोमीटरचे का?

प्रश्न: सोलापूरहून लातूरला पुतण्याच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय, साधारण ४५ माणसं. एका बाजूचं अंतर सव्वाशे किलोमीटर आहे, पण बसवाले म्हणतात दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे पडतील. हळदीला आदल्या दिवशी निघालो तर डबल सांगतात. हे खरंच असं असतं का, आणि माणशी किती खर्च धरायचा?

उत्तर: असंच असतं, तुम्हाला कोणी फसवत नाहीये. मी सोलापुरात लग्नाच्या आणि देवदर्शनाच्या गाड्या लावून देतो, वीस वर्षं झाली. दर सीझनला हा प्रश्न माझ्याकडे येतोच. लोक अंतर गुणिले दर असा हिशेब घरी करून येतात आणि कोटेशन बघून चिडतात. चूक गुणाकारात नसते. ज्याला ते अंतर समजतात, ते बसच्या भाड्यात दुय्यम असतं.

आधी हे किमान किलोमीटर आलं कुठून ते बघू. पन्नास सीटची बस लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं, तर किलोमीटरमागे अठरा ते वीस रुपये टाकीत जातात. तुम्हाला दर मात्र साठ रुपये सांगितलेला असतो. मधल्या चाळीस रुपयांत बँकेचा हप्ता, विमा, रोड टॅक्स, परमिट, पासिंग, टायर, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि मालकाची मिळकत असते. टायर सोडले तर यातला बहुतेक खर्च बस धावली काय आणि कार्यालयाच्या अंगणात उभी राहिली काय, तेवढाच होतो. त्यात लग्नाच्या तिथीला एकदा बस तुम्हाला दिली की त्या दिवशी ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून मालक सांगतो, गाडी कमी पळवा, पण दिवसाचे एवढे तरी पैसे द्या. सोलापुरात हा आकडा कोणी २५० धरतो, कोणी ३००. बोलताना किलोमीटर म्हणतात, पण खरं तर ते दिवसाचं भाडं आहे.

हिशेबाचा नियम एका ओळीचा आहे. बस प्रत्यक्ष किती पळाली तो एक आकडा आणि दिवस गुणिले किमान किलोमीटर हा दुसरा. दोन्हीतला मोठा आकडा बिलात लागतो. दोन दिवसांची ट्रिप असेल तर एकूण धाव एकूण किमानाशी ताडतात. म्हणजे पहिल्या दिवशी ४०० आणि दुसऱ्या दिवशी २०० पळाली तर ६००च धरायचे. काही जण प्रत्येक दिवस वेगळा मोजून ७०० लावतात, तेव्हा हे आधीच विचारून घ्या.

आता तुमचीच ट्रिप मांडतो. साठ रुपये दर, ३०० किमान, भत्ता, टोल हे सगळे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या कोटेशनमधले घालून तुम्ही तसंच मांडा.

बस किलोमीटर मोजायला सुरुवात करते ती मालकाच्या शेडपासून, तुमच्या दारापासून नाही. शेड हैदराबाद रोडला आहे असं समजू. तिथून ती आधी जुळे सोलापूरला तुमच्या घरी येणार, मग सात रस्त्याला मामांकडची माणसं घेणार, मग साखर पेठेत आजीला आणि दोन काकूंना घेऊन तुळजापूर रोडला लागणार. या फिरण्यात सहज बारा किलोमीटर जातात. तिथून लातूरचं कार्यालय १२५. लातूरात कार्यालय, पार्किंग, परत कार्यालय असे सहा. येताना पुन्हा १२५ आणि सगळ्यांना सोडून शेडला जाईपर्यंत बारा. बेरीज २८० होते.

लग्नादिवशी सकाळी निघून रात्री परत आलात तर ही २८० धाव ३००च्या आत बसते. मग बिल ३०० गुणिले ६०, म्हणजे १८,००० रुपये. पक्कं बिल घेतलं तर त्यावर ५ टक्के जीएसटी, ९०० रुपये. ड्रायव्हर-क्लीनरचा मिळून दिवसाचा भत्ता ८०० धरू. टोल एका बाजूचा १,२०० धरला, तर राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर २४ तासांत परत आल्यास जाऊन-येऊन दीडपट लागतो, म्हणजे १,८००. पार्किंग वगैरे २०० सोडा. एकूण २१,७०० रुपये. ४५ माणसांत माणशी ४८२.

हेच हळदीसाठी आदल्या दिवशी दुपारी निघालात तर बघा. धाव फार तर दहा किलोमीटरने वाढेल, २९० होईल. पण किमान आता दोन दिवसांचं, ६०० किलोमीटर. भाडं ३६,०००, जीएसटी १,८००, भत्ता १,६००. दुपारी दोनला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलात तर २४ तास उलटलेले असतात, त्यामुळे टोलची सवलत गेली, २,४०० पडणार. पार्किंग २००. एकूण ४२,०००, माणशी ९३३. रस्ता तोच, माणसं तीच, गाडी तीच. वाढली फक्त एक रात्र.

म्हणून मी पाहुण्यांना किती किलोमीटर हे नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी किती तारखा अडकणार?

इथे लोकांना एक युक्ती हमखास सुचते. आदल्या दिवशी बस आम्हाला सोडून परत सोलापूरला जाऊ दे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घ्यायला येऊ दे, रात्रभर उभं राहण्याचे पैसे वाचतील. वाचत नाहीत. सोडायला गेलेली बस रिकामी परत येते, त्या एका फेरीचेच पावणेतीनशे किलोमीटर होतात, किमान ३०० लागतं. घ्यायला येताना पुन्हा तेच. ६०० ते ६००च. टोलच्या चार खेपा होतात आणि डिझेल दुप्पट जळतं म्हणून मालक दरही सोडत नाही. ही युक्ती जवळच्या गावाला, म्हणजे अक्कलकोट किंवा तुळजापूरला कधी कधी जमते, कारण तिथे मालक एका बाजूची फेरी ठोक रकमेत द्यायला तयार होतो आणि उरलेल्या दिवसात गाडीला दुसरं काम लावतो. लातूरच्या अंतराला नाही.

दुसरी युक्ती, हळदीच्या मोजक्या मंडळींना वेगळी ट्रॅव्हलर करायची. तेही मांडून बघू. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, २४ रुपये दर, तिलाही दिवसाला ३०० किमान, दोन दिवस. भाडं १४,४००, जीएसटी ७२०, भत्ता आणि टोल मिळून २,००० धरा. १७,१२० झाले. त्यात मोठ्या बसचे एका दिवसाचे २१,७०० मिळवले की ३८,८२०. ४२,०००च्या तुलनेत तीन हजार वाचले, आणि दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन हिशेब गळ्यात पडले. मला हा सौदा पटत नाही.

खरा फरक पडतो तो हळदीच्या माणसांना जाताना बसमधून वगळल्यावर. हळदीला खरंच कोण लागतं? नवरदेव, आई-वडील, करवल्या, दोन-तीन आत्या-मावश्या. बारा माणसं धरू. ती आदल्या दिवशी एसटीने जाऊ द्या. तिकीट माणशी सव्वादोनशे धरलं तरी २,७०० होतात, आणि त्यात बायकांना अर्धं तिकीट असल्याने प्रत्यक्षात कमीच लागतील. लग्नादिवशी सकाळी बस ३३ माणसं घेऊन येईल आणि संध्याकाळी सगळे ४५ एकत्र परततील. एकूण २४,४००, माणशी ५४२. ४२,०००चं काम साडेचोवीस हजारांच्या आत झालं. नवरदेवाला एसटीत बसवायचं जिवावर येत असेल तर कोणाच्या तरी घरची कार असतेच. उरलेले एसटीने जातील.

जाता जाता, ते अर्धं तिकीट नेहमीच्या एसटी फेरीवर मिळतं. एसटीची अख्खी बस प्रासंगिक करारावर घेतली तर तिथे सवलत लागत नाही, कारण तिकीट काढलेलंच नसतं, गाडी भाड्याने घेतलेली असते. करारालाही स्वतःचा दर आणि किमान किलोमीटर असतं. आगारात जाऊन त्या दिवसाचा दर विचारून खासगीशी ताडून बघायला हरकत नाही. मी खासगी गाड्यांच्या धंद्यात असूनही हे सांगतो, कारण काही तारखांना एसटी खरंच स्वस्त पडते. मात्र तिथे वेळ सांगितली की सांगितली. अक्षता लांबल्या म्हणून तासभर थांब, असं एसटीच्या ड्रायव्हरला सांगणं अवघड जातं.

आता दिवस म्हणजे काय, यावर थोडं थांबतो, कारण माझे स्वतःचे पैसे इथे गेलेत. आमच्या धंद्यात बहुतेक मालक दिवस मोजतात तो रात्री बारा ते रात्री बारा. तुम्ही दुपारी दोनला निघालात म्हणून दुसऱ्या दुपारी दोनपर्यंत एक दिवस, असं नसतं. काही वर्षांपूर्वी माझ्याच मेहुणीच्या लग्नाची बस मी दुसऱ्या एका मालकाकडून घेतली होती, कारण त्या तिथीला माझ्या ओळखीच्या सगळ्या गाड्या गेल्या होत्या. दोन दिवसांचं ठरलं होतं. पाठवणीला उशीर झाला, मग तुळजापुरात जोडप्याचं देवीदर्शन, तिथे रांग, मग कोणाला तरी चहा हवा होता. बाळ्यापर्यंत आलो तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. शेडला गाडी लागली बारा चाळीसला. दुसऱ्या दिवशी बिलात तिसरा दिवस, ३०० किलोमीटर आणि भत्त्यासकट. मी धंद्यातला माणूस, तरी बोलता आलं नाही, कारण दिवस कसा मोजणार ते मीच विचारलं नव्हतं. वरच्या दरांनी मांडलं तर ती चाळीस मिनिटं १९,७०० रुपयांना पडतात. ४५ माणसांत माणशी ४३८. म्हणजे सकाळी जाऊन रात्री यायला माणशी जेवढे लागतात, जवळपास तेवढेच पुन्हा.

तेव्हापासून मी दोन गोष्टी आधी ठरवून घेतो. बारानंतर तासाभराची सूट आणि त्यानंतर तासाला अमुक रुपये, पूर्ण दिवस नाही. बहुतेक मालक कबूल होतात, पण ॲडव्हान्स देण्याआधी विचारलं तरच. आणि दिवस संपतो तो शेवटचा पाहुणा उतरल्यावर की गाडी शेडला लागल्यावर, हेही. साखर पेठेत आजीला पावणेबाराला सोडलं तरी शेडचा रस्ता बाकीच असतो.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे. दोन दिवसांसाठी तुम्ही ६०० किलोमीटरचे पैसे भरता आणि बस पळते २९०. न पळालेल्या ३१० किलोमीटरचं डिझेल मालकाच्या टाकीत शिल्लक राहतं. किलोमीटरला अठरा रुपये धरले तरी साडेपाच हजार होतात. ही रक्कम धरून बोलणी करता येतात. दर कमी करा म्हटलं की मालक मान हलवतो, पण ‘गाडी तीनशेच्या पुढे जाणार नाही, दोन दिवसांचे ठोक एकतीस हजार करा’ म्हटलं की तो मनात डिझेलचा हिशेब करतो आणि बऱ्याचदा हो म्हणतो. हे चालतं ते एकट्या-दुकट्या मुहूर्ताला किंवा मधल्या वारी. दाट तिथीला, जेव्हा शहरातल्या सगळ्या कार्यालयांत एकाच दिवशी अक्षता असतात, तेव्हा नाही चालत. त्याच्याकडे तुमच्यामागे आणखी तीन गिऱ्हाइकं उभी असतात.

आणि एका दिवसाच्या ट्रिपमध्ये हीच शिल्लक वापरून टाका. तुमचे २८० झाले, वीस किलोमीटर फुकट आहेत. तुळजापूर वाटेतच लागतं, त्यामुळे येताना दर्शनासाठी गाडी आत वळवली तर किलोमीटरचा ताण येत नाही, वेळेचा येतो. पण वाटेत कोणाला तरी सोडायला आडवळणाच्या गावात वीस किलोमीटर आत गेलात तर जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे एकूण ३२०, आणि वरचे वीस किलोमीटर साठच्या भावाने. बाराशे रुपये. फार नाहीत, पण कोणासाठी गेले हे माहीत असलेलं बरं.

आता माणशी या शब्दाकडे येतो. भाड्यापेक्षा जास्त गोंधळ भागाकारात होतो. ४५ जणांनी येतो म्हटलं की लोक २१,७०० भागिले ४५ करून मोकळे होतात. बसमध्ये बसतात ३८. कोणाच्या मुलाची परीक्षा निघते, कोणी मेव्हण्याच्या कारने परस्पर जातो. मग माणशी ५७१ होतात आणि नव्वद रुपयांचा फरक कोणाकडून मागायचा हे कळत नाही. तुम्ही पाहुण्यांकडून पैसे घेणार नसाल, तरी भाऊ-भाऊ खर्च वाटून घेताना हाच घोळ होतो. माझा ठोकताळा असा की येतो म्हणणाऱ्यांत दर सहा-सातांमागे एक गळतो. त्यामुळे ४५ होकार असतील तर भागाकार ३८ने करा आणि तो आकडा सांगा. जास्त आले तर पैसे उरतील, त्यातून वाटेत नाश्ता होईल.

उलट बाजूने, ५० सीटची बस म्हणजे ५० माणसं असंही नसतं. एकदा वऱ्हाडाच्या बसमध्ये मी स्वतः चढून बघितलं, तर मागची अख्खी पाच जणांची सीट आहेराच्या पेट्या, शालूंच्या पिशव्या आणि एका मोठ्या समईने अडवली होती. समई डिकीत ठेवायला आत्याबाई तयार नव्हत्या. डिकी रिकामी आणि दोन पोरं पायरीवर. सामान जास्त असेल तर चार-पाच सीट गेल्या असं आधीच धरा. आणि आरसीवर जेवढ्या सीट आहेत त्यापेक्षा जास्त माणसं कोंबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-अ प्रमाणे जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे आणि जादा माणसांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी सोडत नाहीत. तुळजापूर घाटाच्या अलीकडे अक्षतांच्या दिवशी असं अडकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

माणसं कमी असतील तर छोटी बसही मांडून बघा. ३५ सीटची, ४५ रुपये दर. ३०० किलोमीटरचे १३,५००, जीएसटी ६७५, भत्ता ८००, टोल १,५०० धरला, पार्किंग २००. १६,६७५ झाले. ३३ माणसांत माणशी ५०५. त्याच ३३ माणसांना पन्नासच्या बसमध्ये नेलं तर माणशी ६५८. पण छत्तिसावा माणूस आला की छोट्या बसचा हिशेब मोडतो. त्यामुळे यादी ३० ते ३८च्या मध्ये घुटमळत असेल तर मी मोठीच बस घ्या म्हणतो. ऐनवेळी दुसरी गाडी शोधण्यापेक्षा पाच हजार जास्त गेलेले परवडतात.

तुमच्या बाबतीत मात्र हळदीचे बारा जण परततानाही बसमध्ये असणार, म्हणजे जाताना ३३ आणि येताना ४५. गाडी येतानाच्या संख्येने ठरवायची. जाताना सीट रिकाम्या दिसल्या म्हणून हळहळू नका, त्यांवर आहेराच्या पेट्या बसतील.

सकाळी गाडी आली की आधी ड्रायव्हरजवळ जाऊन किलोमीटरच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि शेडहून निघताना किती होते ते त्याच्या डायरीत बघा. मालकाला शेडचा फोटो आदल्या रात्रीच मागून ठेवला तर उत्तम. रात्री उतरताना पुन्हा फोटो. तुमच्या दारात काटा शेडपेक्षा बारा-पंधराने पुढे असेल तर ठीक. चाळीसने पुढे असेल, तर गाडी आधी कुठे तरी जाऊन आलेली आहे आणि ते किलोमीटर तुमच्या नावावर चढणार. एका दिवसात किमानाच्या आतच राहणार असाल तर त्याने पैसे बदलत नाहीत, उगाच वाद घालू नका. पण धाव ३०० ओलांडणार असेल तर तिथेच बोला, रात्री नाही. मोबाइलवरच्या नकाशाचं अंतर आणि काट्याचं अंतर यांत पाच-सात किलोमीटरचा फरक येतोच, तो सोडून द्या.

ॲडव्हान्स देण्याआधी मालकाला व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका आणि त्याचं ‘ओके’ येऊ द्या. मी असा लिहितो: ‘५० सीट नॉन एसी, लातूर एक दिवस, दर ६०, किमान ३००, मोजणी शेड ते शेड, दिवस रात्री बारापर्यंत, त्यापुढे एक तास सूट, नंतर तासाला अमुक, भत्ता ८०० दोघांचा मिळून, टोल-पार्किंग पावतीप्रमाणे, जीएसटी वेगळा.’ एसी गाडी असेल तर आणखी एक वाक्य घाला, की उभ्या गाडीत एसी चालवला तर तासाला किती. जेवणानंतर म्हातारी माणसं बसमध्ये जाऊन पडतात, ड्रायव्हर एसी लावून देतो, आणि ते तीन तास बिलात दिसतात.